सांगलीत घरचा छोटा बार: तीन बाटल्या, वीस लिंबं आणि बर्फ

"विश्रामबागला नवीन फ्लॅट घेतलाय. हॉलच्या कोपऱ्यात छोटा बार करायचा विचार आहे. व्हिडिओ बघून यादी केली तर चौदा बाटल्या झाल्या, अवजारं वेगळीच. माझं बजेट सगळं मिळून नऊ हजार. महिन्यातनं एक-दोनदा मित्र येतात, पाच-सहा जण. दादा, नेमकं काय घेऊ आणि काय नको?"

चौदातल्या अकरा बाटल्या खोडून टाका. त्या यादीतली बरीच नावं एकेका ड्रिंकपुरती असतात. दोन चमचे लागतात, म्हणून आपण ७५० मिली विकत घेतो आणि उरलेली बाटली पुढची दोन वर्षं शोकेसमध्ये उभी राहते.

मी पुण्यात आणि नंतर गोव्यात मिळून सोळा वर्षं बारच्या मागे उभा होतो, आता मिरजेत असतो. घरी पहिला बार मांडला तेव्हा मीसुद्धा हेच केलं होतं. हॉटेलात काम करणारा माणूस, मग नऊ बाटल्या, मागे आरसा, वर दिवा. त्यात एक गोडी व्हर्मुथ होती. एका संध्याकाळी तीन ड्रिंकसाठी उघडली, झाकण लावून परत दिव्याखाली ठेवली. पावसाळ्यात पुन्हा उघडली तर भिजवून विसरलेल्या मनुकांच्या पाण्यासारखा वास. व्हर्मुथ म्हणजे मुळात वाइन, पंधरा-अठरा टक्क्यांची. उघडली की फ्रीजमध्येच ठेवायची आणि महिना-दोन महिन्यांत संपवायची, हे मला कामावर पक्कं ठाऊक होतं. घरी मात्र शोभेपायी विसरलो. तुमच्या यादीत दोन व्हर्मुथ आहेत. दोन्ही काढा.

तीनच बाटल्या का, तर तुमच्या घरी जे बनेल त्यातलं बहुतेक सगळं एकाच मापावर चालतं: ६० मिली दारू, २५ मिली लिंबाचा रस, २० मिली साखरेचा पाक. पांढरी रम घातली की डायकिरी. हे नाव क्यूबातल्या सांतियागोजवळच्या एका जागेचं आहे, आणि मूळ ड्रिंक एवढंच आहे: रम, लिंबू, साखर. स्ट्रॉबेरीची लाल स्लश नंतर कुणीतरी आणली. रमच्या जागी जिन घातली की ताज्या लिंबाची गिमलेट. त्यात सोडा ओतून उंच ग्लासात दिलं की कॉलिन्स. डार्क रम घेतली आणि साखरेऐवजी गुळाचा पाक वापरला तर आपल्या भागाचं असं एक ड्रिंक होतं, ज्याला मी अजून नाव दिलेलं नाही. मित्राने व्हिस्की आणली तर तीही याच मापात बसते. एक माप हाताला बसलं की पाच ड्रिंक आली.

म्हणून बाटल्या अशा: एक पांढरी रम ७५० मिली, एक जिन ७५० मिली आणि डार्क रमची हाफ. पांढऱ्या रममध्ये बकार्डी सगळीकडे मिळते, तीच घ्या. जिनमध्ये मात्र थोडे जास्त पैसे घाला. स्वस्त जिनमध्ये जुनिपरचा, म्हणजे जिनला तिची ओळख देणाऱ्या फळाचा वास वरवरचा असतो आणि लिंबू पडलं की तो बुजतो. मग गिमलेट म्हणजे कडक लिंबू सरबत होतं. गोव्यात बनणाऱ्या ग्रेटर दॅनसारखी साधी ड्राय जिन या कामाला पुरते. फुलाफळांचे वास घातलेल्या गुलाबी-जांभळ्या बाटल्या नकोत. डार्क रममध्ये ओल्ड मंकला पर्याय शोधत बसू नका. रम मळीपासून होते, आणि साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला मळीचा वास ओळखीचाच असतो. गुळाशी तिचं जमतं ते त्यामुळेच.

व्हिस्की मी मुद्दाम यादीत धरली नाही. आपल्याकडे व्हिस्की पिणारा आपला ब्रँड सोडत नाही आणि सोडा-पाणी सोडून त्यात काही घालू देत नाही. त्याला त्याची क्वार्टर आणू दे.

दारूचे भाव इथे लिहीत नाही. जून २०२५ मध्ये राज्याने उत्पादन शुल्क वाढवलं, त्यामुळे त्याआधीच्या सगळ्या याद्या रद्दी झाल्या. बाटलीवरची एमआरपी बघायची. नऊपैकी सहा हजार बाटल्यांसाठी बाजूला ठेवा, तेवढ्यात बसवा. नाही बसलं तर डार्क रम पुढच्या महिन्यात घ्या, जिनवर काटकसर करू नका. आणि बाटल्या सांगलीतूनच घ्या. म्हैसाळच्या पुढे गेलं की कर्नाटक, सुट्टीत गेलं की गोवा, त्यामुळे "तिकडून आणू" हा मोह आपल्या भागात फार. पण दुसऱ्या राज्याची दारू परवानगीशिवाय हद्दीच्या आत आणणं हा गुन्हा आहे, तिकडचं बिल खिशात असलं तरी. महाराष्ट्रात स्पिरिटसाठी वयाची पंचवीस पूर्ण लागतात आणि दारू बाळगायला परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना वाइन शॉपवर पाच रुपयांना मिळतो, पण घरी बाटल्या ठेवायच्या तर वर्षाचा किंवा आजन्म परवाना काढून टाका.

आता अवजारं. ऑनलाइन मिळणारा बांबूच्या स्टँडचा बारा वस्तूंचा सेट घेऊ नका. त्यातल्या चार वस्तू लागतात आणि नेमक्या त्याच कमअस्सल असतात.

सगळ्यात आधी माप. पेग मेजर दोन तोंडांचं असतं, एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ६०. दोनेकशे रुपयांत मिळतं. घरी आणलं की पहिलं काम म्हणजे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ते ठेवून काटा शून्य करायचा आणि काठोकाठ पाणी भरायचं. ६० मिली पाणी म्हणजे ६० ग्रॅम. माझ्याकडच्या एका मापात ५३ ग्रॅमच बसायचं. तुम्ही साठ समजून त्रेपन्न ओतता, लिंबू मात्र पूर्ण पंचवीस पडतं, आणि मग "आज आंबट झालं" म्हणून लिंबाला नावं ठेवता. २५ आणि २० साठी वेगळं माप विकत घ्यायची गरज नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर ५, १०, १५ अशा रेघा असलेली प्लास्टिकची वाटी येते, ती धुऊन घ्या. मी आजही घरी तीच वापरतो.

शेकर ७५० मिलीचा घ्या, म्हणजे दोन ड्रिंक एकदम होतात. वर गाळणीचं झाकण असलेला तीन तुकड्यांचा शेकर सगळ्यांकडे असतो. त्याची एक खोड अशी की थंड झाला की आतली हवा आकसते आणि झाकण घट्ट बसतं. पाहुणे बघत असताना ते निघत नाही. तेव्हा ओट्यावर आपटू नका. जोडावर नळाचं साधं पाणी सोडा, दहा सेकंदांत सुटतं. पहिल्या महिन्यात शेकर न घेता घट्ट फिरकीचा स्टीलचा डबाही चालतो, मात्र त्याला मसाल्याचा वास नसावा. काचेची बरणी नको. ओला हात, आत बर्फ आणि जोरात हलवणं, यात काच कधीतरी दगा देते. शेकरमध्ये काहीही घाला, सोडा घालू नका. माझ्या हाताखालच्या एका पोराने घातला होता. झाकण उडून छताला लागलं आणि पुढच्या टेबलावरच्या बाईंच्या साडीचे पैसे त्याच्या पगारातून गेले.

गाळायला चहाची गाळणी, पण वेगळी ठेवलेली. ढवळायला लांब दांड्याचा चमचा. लिंबू पिळायला दोन वाट्यांचा पिळणा. ग्लास एकाच मापाचे सहा, ३५० मिलीचे, सरळ उभे. उंच दांड्याचे नाजूक ग्लास पहिल्या वर्षात निम्मे फुटतात. हे सगळं धरून अवजारं-ग्लासांचा हिशेब अठराशे-दोन हजारांत बसतो.

पिळण्याबद्दल एक सांगतो, कारण मी दहापैकी आठ घरांत हे उलटं बघितलंय. अर्धं कापलेलं लिंबू त्या वाटीत नीट बसतं तसं, म्हणजे फुगीर बाजू खाली करून, लोक ठेवतात. ते चूक. कापलेला भाग भोकांकडे, खाली हवा. दाबलं की लिंबाची साल उलटी होते, रस सरळ खाली पडतो आणि सालीचं थोडं सुवासिक तेल सोबत येतं. दाबायचं एकदाच. दुसऱ्यांदा कचकचून दाबलं की पांढऱ्या सालीचा कडूपणा उतरतो. रस त्याच संध्याकाळी काढायचा. सकाळी काढून ठेवलेल्या रसाची चव रात्रीपर्यंत बोथट होते. लिंबू कागदीच, हाताला मऊ लागणारं. एका मध्यम लिंबाचे पंधरा ते वीस मिली निघतात. एप्रिल-मेमध्ये लिंबू महागलं तरी बाटलीतलं लाइम कॉर्डियल त्याच्या जागी घालू नका. त्यात साखर आधीच असते, सगळं माप कोलमडतं.

पाक म्हणजे गुलाबजामचा एकतारी नव्हे. २०० ग्रॅम साखर, २०० मिली पाणी, गरम करून साखर विरघळली की गॅस बंद. उकळत ठेवलं की पाणी उडतं आणि पाक जास्त गोड होतो. एवढ्याचा साधारण ३२० मिली पाक होतो, फ्रीजमध्ये तीन आठवडे टिकतो. गढूळ दिसला किंवा आत तंतू तरंगताना दिसले की टाकून द्यायचा. गुळाचा पाकही याच मापाने करायचा, पण फडक्यातून गाळून घ्यायचा आणि आठवड्यात संपवायचा, तो लवकर आंबतो. सांगलीच्या मार्केट यार्डाच्या शेजारी राहून ब्राउन शुगर सिरप विकत घेणारे लोक मी पाहिलेत. काय बोलणार.

आता बर्फ. नवखा माणूस इथेच चुकतो. त्याला वाटतं बर्फ ड्रिंक गार करायला असतो, म्हणून तो तीन-चार खडे टाकतो, "पाणी होऊ नये" म्हणून. होतं नेमकं उलटं. खडे कमी असले की ते सगळी उष्णता एकटे ओढतात, भराभर वितळतात, आणि ड्रिंक कोमट आणि पातळ होतं. शेकर दोन-तृतीयांश बर्फाने भरायचा. बर्फ भरपूर असला की गार लवकर होतं आणि वितळतं मोजकंच.

पण ते मोजकं पाणी हवंच. शेक करणं म्हणजे मापाने पाणी घालणं आहे. ६० अधिक २५ अधिक २० म्हणजे १०५ मिली तुम्ही आत घातलंत. कोरड्या, कडक बर्फावर बारा-पंधरा सेकंद जोरात हलवून गाळलंत की बाहेर १३५ ते १४० मिली यायला हवं. पहिल्या दिवशी हे खरोखर मोजून बघा. ११५ आलं तर हात हळू चालला, ड्रिंक जिभेला टोचेल. १६० आलं तर बर्फ ओला होता, म्हणजे फ्रीजरमधून काढून बाहेर ठेवलेला, वरून चकाकणारा. फ्रीजरमधून नुकता निघालेला बर्फ पांढुरका, बोटाला चिकटणारा असतो. तो हवा. पंधरा सेकंद मोजायला जमत नसेल तर शेकरच्या अंगावर पांढरं दव धरेपर्यंत आणि हातात धरवेनासा होईपर्यंत हलवा.

बर्फाला वास लागतो हेही लक्षात असू द्या. फ्रीजरमध्ये बोंबील किंवा बांधून ठेवलेलं मटण असेल, तर आठवडाभर उघड्या ट्रेमध्ये पडलेला बर्फ तो वास घेतो आणि डायकिरीत सोडतो. खडे जमले की काढून चांगल्या जाड पिशवीत तोंड बांधून ठेवायचे. आणि कमी पडला म्हणून बर्फाच्या कारखान्यातली लादी आणायची नाही. ती मासळी आणि दुधाच्या कॅनसाठीची असते. २०१८ पासून महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, पण लादी पांढरी दिसली म्हणून ती खाण्याची ठरत नाही. पिण्याच्या पाण्याच्या खड्यांची पिशवी मिळते, ती घ्या.

आता तुमचीच शनिवारची संध्याकाळ धरू. सहा जण, प्रत्येकी दोन ड्रिंक. आधी डायकिरी, नंतर जिनची कॉलिन्स. सहा डायकिरीला ३६० मिली रम आणि सहा कॉलिन्सला ३६० मिली जिन. म्हणजे दोन्ही बाटल्या निम्म्यापर्यंत येतात आणि पुढची बैठकही त्यातच निघते. लिंबाचा रस बारा गुणिले पंचवीस, म्हणजे ३००. पंधराच्या हिशेबाने वीस लिंबं आणा, वर दोन कापायला. पाक बारा गुणिले वीस, २४० मिली. एकदा केलेल्या पाकात निघतो आणि उरतो. सोडा कॉलिन्समागे ९० मिली, एकूण ५४० मिली, पण मोठी बाटली नको. लहान बाटल्या घ्या आणि सकाळपासून फ्रीजमध्ये ठेवा. कोमट सोड्याचा गॅस ओततानाच निघून जातो.

बर्फाचा हिशेब लोक करतच नाहीत. शेक करायला एका ड्रिंकला दीडशे ग्रॅम, उंच ग्लासात भरायला सव्वाशे. डायकिरी गाळून बिनबर्फाची दिली तरी मित्र बर्फ मागतातच. वितळणारा-सांडणाराही धरून चाला, सहा जणांना पाच किलो. घरच्या एका ट्रेमध्ये पाव किलोच्या आसपास निघतो, म्हणजे वीस ट्रे. दोन ट्रे असतील तर बुधवारपासून सुरुवात करा, सकाळ-संध्याकाळ भरायचे, जमले की पिशवीत. बाकीचा विकत.

संध्याकाळी सातला लिंबं पिळून रस गाळून काचेच्या जगमध्ये. पाक दुसऱ्या जगमध्ये. ग्लास अर्धा तास फ्रीजरमध्ये. माणसं आली की दोन-दोन डायकिरी करायच्या: शेकरमध्ये १२० रम, ५० लिंबू, ४० पाक, मग बर्फ सगळ्यात शेवटी. बर्फ आधी घातला आणि गप्पांत अडकलात तर तेवढ्यात तो पाणी सोडतो. पहिली डायकिरी कुणाला देण्याआधी स्वतः चमचाभर चाखा. लिंबू रोज वेगळं असतं, त्यामुळे माप हे सुरुवातीचं. तोंड वाकडं होत असेल तर पुढच्या खेपेला पाक पाच मिली वाढवा. गोड लागली तर लिंबू वाढवू नका, पाक कमी करा, नाहीतर ड्रिंक मोठं होत जातं. सपक लागली तर चिमटीतल्या चिमटीत मीठ, खरोखर चार-पाच कण. मीठ कडवटपणा दाबतं आणि लिंबू उठून येतं.

कॉलिन्सला शेकर लागतच नाही. उंच ग्लासात जिन, लिंबू, पाक, ढवळून एकजीव करायचं, मग ग्लास बर्फाने काठापर्यंत भरायचा, सोडा कडेने ओतायचा आणि चमचा एकदा खालून वर आणायचा. जास्त ढवळलं की सोडा मेला.

सोबत भडंग ठेवा, लसणाचं, तिखट. आंबट-गोड ड्रिंकला ते इतकं जमतं की बाकी चकण्याचा खर्च वाचतो. फक्त एक ध्यानात ठेवा: ही ड्रिंक सरबतासारखी उतरतात, पण प्रत्येकीत पूर्ण लार्ज पेग आहे, लिंबू-पाकात मिसळून चवीला लपलेला. दोनवर थांबा, आणि माधवनगर-कुपवाडला गाडीवर जाणारा असेल त्याला पाक-लिंबू-सोडा द्या, त्याच ग्लासात, तेवढ्याच बर्फात. त्याला वेगळं बसल्यासारखं वाटत नाही.

उरलेल्या बाटल्या उभ्याच ठेवा, आडव्या नाहीत. वाइन आडवी ठेवतात ते कॉर्क ओला राहावा म्हणून. इथे दारू जास्त कडक असते, ती बुचाला खाते आणि मग बूच तुटून आत पडतं. हॉलचा कोपरा पश्चिमेच्या खिडकीसमोर असेल तर तिथे बार करू नका. आपल्याकडचा मे महिना आणि काचेतून येणारं ऊन जिनचा वास घालवतं. साधं बंद कपाट, कुलूप लागणारं, बास. बाटलीत तळाशी चार-पाच स्मॉल पेग उरले की ते स्वच्छ क्वार्टरच्या बाटलीत काढून ठेवा. मोठ्या रिकाम्या बाटलीतली हवा हळूहळू चव उतरवते.

तीन-चार बैठका झाल्या की कुठली बाटली आधी संपते ते कळेल, तीच परत घ्या. चौथी बाटली घ्यायचीच झाली तर अंगोस्तुरासारखी बिटर्सची, म्हणजे कडवट मसालेदार अर्काची छोटी बाटली मिळते का बघा. ड्रिंकमागे दोन-तीन थेंब लागतात, त्यामुळे वर्षभर पुरते, आणि डार्क रम-गुळात ते थेंब पडले की वेगळीच चव लागते. त्या ड्रिंकला नाव सुचलं तर मला कळवा.